झोनर नवऱ्यासाठी कुर्ली

"उडी मारू नको! वहिनी, तुला हात जोडते, उडी मारू नको!"

नणंद अशी किंचाळली की पार माझ्या माहेरच्या, पूर्णगडच्या खाडीतले बगळे उठले असतील. परसात आंबोशी वाळत घालणाऱ्या सासूबाई हातातली टोपली तिथेच टाकून विहिरीकडे धावल्या. त्यांच्यामागून शेजारच्या काकू, काकूंच्या मागून त्यांच्याकडे आलेला पाहुणा, आणि पाहुण्याला सोडायला आलेला रिक्षावाला, मीटर चालू ठेवून. चौघांनी विहिरीत वाकून पाहिलं. आत एक बेडूक होता, त्याने वर पाहिलं. मग सगळी मंडळी घरात आली, तर मी दिवाणावर मांडी घालून बसलेली, हातात कंट्रोलर, आणि समोर टीव्हीत एक पोरगी जमिनीवर आडवी पडलेली.

"उडी कुणी मारली?" सासूबाईंनी धापा टाकत विचारलं.

"मी," मी म्हटलं. "टीव्हीत."

"आणि?"

"मेले."

टेबलावर स्पीकरवर ठेवलेल्या फोनमधून, डोंबिवलीच्या खोलीतून, माझ्या नवऱ्याचा आवाज आला. "आई, काही नाही. ती उडी मारते, मी खालून मारतो. रोजचंच आहे." काकूंनी पदर तोंडाला लावला आणि माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती नजर पुढे महिनाभर वाडीत फिरत होती.

आता हे सगळं कशावरून सुरू झालं ते सांगते, नाहीतर तुम्हीही काकूंसारखा भलताच अर्थ काढाल.

माझा नवरा मुंबईला कामाला. डोंबिवलीत एका खोलीत इतकी माणसं राहतात की एकाला कूस बदलायची असली तर बाकीच्यांची मंजुरी लागते. लग्नानंतर तो त्याचा गेम खेळायचा डबा इथेच ठेवून गेला, कारण तिथे एका रूममेटचा तसलाच डबा होता आणि दुसरा ठेवायला जागा नव्हती. मला न्यायलाही नव्हती. म्हणजे डबा आणि मी, दोघं रत्नागिरीत राहिलो, दोघांवरही सासूबाई रोज फडकं मारायच्या.

नवरा स्वभावाने चांगला, पण बोलायला महाग. फोन केला की "जेवलीस?", मी म्हणायचे "हो", तो म्हणायचा "बरं". मग मी तासभर बोलायचे. माझं माहेर पूर्णगडचं, आई मासे विकते, आमच्या घरात हळू बोललेलं बंदरावरच्या वाऱ्यात कुणाला ऐकूच जात नाही. तर मी बोलायचे, आणि शेवटी विचारायचे, "येणार कधी?" त्यावर तो म्हणायचा, "बघू." हे "बघू" कसं असतं सांगू? तुम्ही माणसाकडे चालत जाताय आणि तो हाताच्या पंजाने लांबूनच तुम्हाला थांबवतोय, न रागावता. लग्नाच्या फोटोत तो माझ्यापासून इतक्या अंतरावर उभा आहे की मधे माझा एक मामा, त्याची बायको आणि आईस्क्रीमचा स्टॉल आरामात मावला आहे. फोटो खोटं बोलत नाही, मीच थोडं वाढवते.

आंब्याचा सीझन आला. अंगणात पेट्या भरत होत्या, घरभर गवताचा आणि हापूसचा वास, तो वास उशीतसुद्धा. मला वाटलं, हा वास त्याने इथे बसून घ्यावा, पेटीतून तिकडे पाठवून नाही. मी फोनवर म्हटलं, "दोन दिवस ये. एक दिवस ये. सकाळी ये, दुपारी रस खा, रात्री जा." तो म्हणाला, "रजा नाही गं. गणपतीत बघू." मग मागे टीव्हीचा आवाज आला, तो खेळत होता. मी चिडून म्हटलं, "खेळायला वेळ आहे!" तर तो हसला आणि म्हणाला, "तूही खेळ. मला हरवलंस तर येतो."

महिनाभरात तो एवढं लांब वाक्य बोलला नव्हता. मी ते वाक्य पकडून ठेवलं. "आंबे संपायच्या आत," मी म्हटलं. "आधी तीन मॅच जिंकेल तो." "चालेल," तो म्हणाला. तो तिकडे रूममेटच्या डब्यावर, मी इकडे इथल्या डब्यावर, इंटरनेटवरून. त्याला वाटलं, हिला कंट्रोलर उलटा धरायची सवय आहे. होतीच.

नणंद कॉलेजला, शेवटच्या वर्षाला. मारामारीच्या गेममध्ये तिचा हात असा चालतो की बटणं तिला घाबरून आधीच दबून बसतात. मी तिला गुरू केलं. तिने टीव्ही लावला, तर पडद्यावर भांडायला उभे राहिलेले बायाबाप्ये ओळीने दिसले, जत्रेतल्या दुकानांसारखी.

"यातलं पहिलं माणूस नीट निवडायचं," ती म्हणाली. "दिसायला कोण भारी आहे ते बघायचं नाय. आपला स्वभाव बघायचा. तीन मुख्य जाती आहेत. ही रिबनवाली पोरगी, ही रशडाऊन. धावत अंगावर जायचं आणि समोरच्याला श्वास घेऊ द्यायचा नाही, मार, मार, मार."

सासूबाई पेटीत गवत पसरत होत्या. त्यांनी मान वर केली. "रस डाऊन? बाजारात भाव पडला काय?"

"रश गो आई, रश! आणि हा लांब कोटवाला, हातात कंदील. हा झोनर. लांब राहायचं, निळे गोळे फेकत राहायचं, समोरच्याला जवळ येऊ द्यायचं नाही. उडी मारून आला तर खालून ठोसा. दादा हाच खेळतो."

"म्हणजे बघू म्हणणारा," मी म्हटलं.

"तोच. आणि ही तिसरी, गोदीत काम करणारी बाई." पडद्यावर एक आडवी, दांडगी बाई उभी होती, दोन्ही हात पुढे करून, बोटं वाकवून. "ही ग्रॅपलर. चालायला हळू. लांबून हिला काहीच करता येत नाही. पण एकदा जवळ पोचली आणि पकडलं की संपलं. मार अडवता येतो, पकड अडवता येत नाही."

सासूबाईंनी त्या बाईचे हात पाहिले. "ही तर कुर्ली," त्या म्हणाल्या. "अशीच उभी असते खाजणाच्या चिखलात, नांगे काढून." तेव्हापासून आमच्या घरात ग्रॅपलरला कोणी ग्रॅपलर म्हटलं नाही, खेकड्याचंच नाव पडलं, कुर्ली.

"मग मी कोण?" मी विचारलं.

दोघींनी एकदम, विचारायची गरजच नव्हती असं, म्हटलं, "रशडाऊन!" सासूबाईंनी "रसडाऊन" म्हटलं, पण मत तेच होतं. वाडीत विचारलं असतं तरी मत तेच आलं असतं. जी बाई बोलताना समोरच्याचं वाक्य पूर्ण होऊ देत नाही, ती दुसरी कोण असणार? मलाही पटलं. मी रिबनवाली घेतली.

आणि मग ते विहिरीचं झालं. उडी मारून मरणं तर रोज व्हायचं. मी पोरीला धावत सोडायचे, कोटवाला गोळा फेकायचा, तो तिच्या तोंडावर बसायचा. गोळा अडवायला कंट्रोलरची काडी मागे धरून थांबावं लागतं, आणि थांबणं माझ्या रक्तात नाही असं माझंही मत होतं. मग गोळ्यावरून उडी. उडी म्हणजे एकदा जमीन सोडली की दिशा बदलता येत नाही, हवेत अडवताही येत नाही. तो त्याचीच वाट बघत उभा असायचा. मुळात तो गोळे मारायला फेकतच नव्हता, मला उडवायला फेकत होता. मी दरवेळी उडायचे. चुकून जवळ पोचलेच, तर बटणं अशी बडवायचे की पोरगी नको तेव्हा लाथ मारायची, ती लाथ हवेत जायची, आणि ती पाय मागे घेईपर्यंत तो मला मोकळेपणी मारायचा. पोरीच्या रिबनी गळून गेल्या असतील, एवढा मार खाल्ला तिने.

फोनवर मात्र तो बोलायला लागला होता. "आता का उडालीस?" "बघ, मी तिथेच उभा होतो." माझ्याशी एवढं तो लग्नात बोलला नव्हता. मी हरून हरून बेजार, आणि हरायला पुन्हा बसायचे, कारण हरताना त्याचा आवाज जवळून यायचा.

मग वैतागून मी त्याचाच कोटवाला घेतला. आता दोन कोटवाले, दोन टोकांना. तो गोळा फेकायचा, मी गोळा फेकायचे, गोळे मधे एकमेकांवर आपटून फुटायचे, पुन्हा तो फेकायचा, पुन्हा मी. घड्याळ संपलं तरी कोणी पाऊलभर पुढे आलं नव्हतं. नणंद जांभई देत म्हणाली, "हे काय चाललंय? हे तर तुमचं फोनवरचं बोलणं."

मी कंट्रोलर खाली ठेवला. तिला हसू आलं, मला नाही आलं.

दुसऱ्या दिवशी मी माहेरी गेले, आंब्याची पेटी द्यायला. आई बाजारात बसली होती, तिच्याजवळ जाऊन बसले. लहानपणापासून मी तिच्या शेजारी बसून ओरडत आले, पण त्या दिवशी पहिल्यांदा बघत बसले. आई ओरडते ती अशी की पलीकडच्या गल्लीतल्या माणसाला वाटावं आपलंच नाव घेतलं. पण ती जागची हलत नाही. गिऱ्हाईक लांबून जातंय, जाऊ दे. दुसऱ्या पाटीकडे बघतंय, बघू दे. "ये गो ताय, बघ तरी, घेऊ नको!" असं म्हणते आणि बसून राहते. बाई रेंगाळते, एक पाऊल येते, परत मागे जाते. आई मान वळवून भलतीकडे बघते. बाई आणखी एक पाऊल येते. वाकते. सुरमईच्या कल्ल्याला बोट लावते. आणि बोट लागलं की संपलं. आईच्या एका हातात मासा, दुसऱ्या हातात कोयता, आणि बाईला पिशवी उघडण्यापलीकडे जगात काही करता येत नाही.

घरी येताना एसटीत मी मोठ्याने हसले. कंडक्टरने विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, "मी रशडाऊन नाही." तो म्हणाला, "बरं," आणि पुढच्या सीटकडे गेला. आरडाओरडा हा आमचा स्वभाव नाहीच मुळी, तो नुसता आवाज आहे. स्वभाव आहे तो बसून राहण्याचा. मी वर्षभर काय करत होते? अंगणात बसून होते, त्याने एक पाऊल जवळ येण्याची वाट बघत.

मी नणंदेला म्हटलं, "कुर्ली काढ."

"वहिनी, झोनरसमोर कुर्ली म्हणजे आत्महत्या गो. सगळ्यात वाईट जोडी. पोचेपर्यंतच मरशील."

"पोचले तर?"

तिने कुर्लीवर बटण दाबलं. "पोचलीस तर दादा मेला."

शिकायला सोपी नव्हती. कुर्लीची मोठी पकड म्हणजे कंट्रोलरची काडी पूर्ण गोल फिरवायची आणि बटण दाबायचं. पण गोलात 'वर'ही येतं, आणि वर गेलं की बाई उडी मारते. मी गोल फिरवायचे, बाई पकडायच्या ऐवजी टुणकन उडायची. तिच्या अंगाकडे बघता घर हलायला हवं होतं. नणंदेने युक्ती सांगितली: आधी एक साधा ठोसा मारायचा, आणि हात अजून पुढे आहे तोपर्यंत गोल फिरवून घ्यायचा. ठोसा चालू असताना उडता येत नाही, मग तो संपता संपता पकड निघते. मी ते इतकं घोटलं की अंगठ्याला फोड आला, आमटी ढवळताना पळी पूर्ण गोल फिरून शेवटी दण्णकन टोपाच्या कडेवर आपटायची. सासूबाई म्हणायच्या, "आमटीला पकडू नको, ती पळत नाय."

आणि मुख्य म्हणजे चालणं. दोन पावलं चाल, थांब, गोळा अडव. अडवला तरी पडद्यावरच्या पट्टीतलं थोडं रक्त जातं, जाऊ दे. पुन्हा दोन पावलं. एखादाच गोळा, तो कधी फेकणार हे आधी कळलं तरच, जागच्या जागी उडून टाळायचा, पुढे नाही. नणंद म्हणायची, "घाई नको." मला घाई करू नको असं सांगायची वेळ यावी आणि ते मी ऐकावं, हे वाडीत सांगितलं तर कोणी विश्वास ठेवणार नाही, म्हणून इथे लिहून ठेवते.

रविवारी दुपारी बसलो. झाडावर शेवटचे आंबे होते, ते काढायला काठीला जाळी लावलेला झेला घेऊन गडी आला होता, तो खिडकीतून बघत उभा राहिला. फोन स्पीकरवर. नवरा म्हणाला, "अगं, ही कोण?"

"मी," मी म्हटलं.

पहिल्या दोन मॅच त्याच्या. एकीत मी पोचलेच नाही. दुसरीत पोचले आणि गोल चुकला, बाई उडाली. "बघ," तो म्हणाला, मवाळपणे. त्याला वाईट वाटत होतं, हे आवाजावरून कळत होतं, आणि ते मला जास्त लागलं. तिसरी मी घेतली, कशी ते मला माहीत नाही. चौथीही. चौथीत तो खोलीतल्या कुणाला तरी "आवाज कमी कर रे" असं ओरडला, आणि नणंद माझ्या दंडाला चिकटून बसली. सासूबाई दारात उभ्या होत्या, हातात चिकाने माखलेला हापूस, आणि तो चीक त्या पदराला पुसत होत्या हे त्यांना कळतही नव्हतं.

पाचवीची शेवटची फेरी. निळे गोळे एकामागून एक. चाल, थांब, अडव. चाल, थांब, अडव. माझं रक्त शेवटच्या पट्टीवर आलं होतं. तो प्रत्येक गोळ्यानंतर एक पाऊल मागे सरकायचा. मागे, मागे, आणि मग त्याची पाठ पडद्याच्या कडेला टेकली. झोनरचं सगळं बळ मागच्या मोकळ्या जागेत असतं. ती संपली होती. दोघं समोरासमोर आले, गोदीतली बाई आणि लांब कोटवाला, एका हाताच्या अंतरावर.

आणि कोणी काहीच केलं नाही.

नणंद म्हणते ते अर्धं सेकंदही नव्हतं. असेल. मला ते एका सबंध पावसाळ्याएवढं वाटलं. वर्षभरात आम्ही दोघं एवढ्या जवळ उभे राहिलो नव्हतो. त्याच्या कंदिलाचा उजेड माझ्या बाईच्या गालावर पडत होता. मला वाटलं, काही दाबू नये. असंच राहू दे. फोनमधून त्याचा श्वास ऐकू येत होता, माझा त्याला जात असेल, इतक्या खोल्या, इतके घाट, इतक्या नद्या ओलांडून.

मग मला कळलं, तो पकडीची वाट बघतोय. पकडीतून सुटायचं तर उडायचं. म्हणजे तो उडणार. म्हणजे आत्ता पकडायचं नाही. आईने मान भलतीकडे वळवली तशी मी अंगठा उचलला आणि थांबले.

तो उडाला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तो उडाला, मी जमिनीवर. माझ्या डोक्यावर तो हवेत काही करत होता, ते मी नुसतं अडवलं. तो खाली आला, पाय टेकले, टेकताच सवयीने अडवायला मागे धरलं. ठोसा, आणि ठोशाच्या आडून गोल. सबंध.

कुर्लीने त्याला उचलला. तो कोट, तो कंदील, ते सगळं अंतर, सगळं उचलून तिने डोक्यावर नेलं आणि आपटलं. घर हललं. खरंच हललं, विचारा गड्याला, त्याच्या झेल्यातला आंबा खाली पडला.

मी उठले. दिवाणावर उभी राहिले. "येणार! येणार तू! बोललास! मेल्या, आता बघू म्हणून दाखव!" नणंद ओरडत होती, सासूबाई कशाला ते न कळता टाळ्या वाजवत होत्या, काकू पुन्हा विहिरीकडे धावल्या असाव्यात. मी फोन उचलून तोंडाशी धरला आणि स्पीकर फुटेल एवढ्याने ओरडले, "कधी येतोस ते सांग!"

पलीकडे कंट्रोलर खाली ठेवल्याचा आवाज आला.

मग तो म्हणाला, "तिकीट परवाच काढलंय. वेटिंगवर आहे."